कॅनव्हास म्हणतो 90 टक्के, टीए म्हणतो बी: 1000 पॉइंटांचा कोर्स आणि बुडालेल्या दोन क्विझ

पन्हाळ्याचा_पावणा

नमस्कार मंडळी. डोकं चालेनासं झालंय म्हणून इथं विचारतोय. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतोय, पहिलंच सेमिस्टर. स्टॅटचा एक कोर्स आहे, त्याच्या सिलॅबसमध्ये टक्का हा शब्दच नाही. अख्खा कोर्स 1000 पॉइंटांचा: होमवर्क 200, क्विझ 120 (12 क्विझ, प्रत्येकी 10), दोन मिडटर्म मिळून 300, प्रोजेक्ट 130, फायनल 250. खाली एकच ओळ: 900 झाले की ए, 800 ला बी, 700 ला सी. बास.

ऑक्टोबरात फ्लू झाला, दोन क्विझ बुडाल्या. डॉक्टरची चिठ्ठी दिली, सरांनी काही न विचारता दोन्ही एक्सक्यूज करून टाकल्या. कॅनव्हासवर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या मार्क दाखवणाऱ्या पोर्टलवर, त्यांच्यासमोर `EX` दिसतंय. मी निवांत.

आता फायनलला 9 दिवस राहिलेत. होमवर्कचे 186, उरलेल्या 10 क्विझचे 91, मिडटर्मचे 265, प्रोजेक्टचे 119. कॅनव्हास 90.55% दाखवतोय. What-If मध्ये फायनलसमोर 221 टाकून बघितलं तर बरोब्बर 90 आले. म्हणजे 250 पैकी 221 आणले की ए, असं धरून अभ्यासाचं गणित मांडलं होतं. काल टीएला, म्हणजे सरांच्या टीचिंग असिस्टंटला, सहज बोललो तर तो म्हणाला, तुला 239 लागतील. 18 चा फरक! ह्यात चुकतंय कोण?

देशपांडे_काका

अरे बाळा, यात एवढं गोंधळण्यासारखं काय आहे? हजारात नऊशे म्हणजे नव्वद टक्केच की. पॉइंट म्हणा, मार्क म्हणा, टक्के म्हणा, शेरात मोजा की किलोत, तांदूळ तेवढाच. मी 31 वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. तुझा तो टीए मुलगा बेरजेत चुकला असणार. मशिन 90 दाखवतंय ना, मग 90.

विदर्भाचा_पोट्टा

हे आपल्याकडे पण आलं ना आता. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, यूजीसीने 2021 मध्ये काढलं. क्रेडिट जमा होत राहतात, मधातच कॉलेज सोडलं तरी वाया जात नाही, नंतर येऊन डिग्री पूर्ण करता येते. माझ्या बहिणीचं खातं काढलं, पण कॉलेजनं अजून एकही क्रेडिट भरलं नाही. कोणाला माहीत आहे का किती दिवस लागतात?

टीए_आहे_बरं_का

पोट्ट्या, ते वेगळं आहे रे. क्रेडिट म्हणजे कोर्स पास झाल्यावर मिळतात ते. इथे एकाच कोर्सच्या आतल्या पॉइंटांचं चाललंय. बहिणीसाठी वेगळा धागा काढ, तिथे सांगणारे भेटतील.

पावणेसाहेब, तुमचा टीए बरोबर आहे. काका, माफ करा, पण मशिन दाखवतंय ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे.

साधी बेरीज करा. 186 + 91 + 265 + 119 = 661. ए साठी 900 हवेत. 900 वजा 661 म्हणजे 239. झालं. या पद्धतीत भागाकार येतच नाही, कारण सिलॅबसमध्ये कुठे कशानं भागा असं लिहिलेलंच नाही. लिहिलंय ते 900 जमवा एवढंच.

कॅनव्हास काय करतो? तो मिळालेल्या पॉइंटांना शक्य असलेल्या पॉइंटांनी भागतो. `EX` पडलं की ती क्विझ वरूनही जाते आणि खालूनही. त्यामुळे तुमच्यापुरता त्याच्या लेखी कोर्स 1000 चा नाही, 980 चा झालाय. 221 टाकल्यावर 661 + 221 = 882, आणि 882 भागिले 980 म्हणजे नेमके 90 टक्के. कॅनव्हासचं गणित अचूक आहे. पण तुमच्या खिशात 882 आहेत आणि दारावर पाटी 900 ची आहे.

हे पकडायचं कसं तर ग्रेडच्या पानावर टक्क्यांकडे बघूच नका, प्रत्येक ओळीतले मिळालेले आकडे कागदावर मांडून बेरीज करा. आणि हो, `Calculate based only on graded assignments` या चौकटीवरची खूण काढली तर तुमचे 90 वरून धाडकन 67 होतील, कारण न झालेली फायनल तो शून्य धरेल. घाबरू नका, आणि त्यातूनही 20 पॉइंट परत येणार नाहीत. `EX` दोन्हीकडे बाहेरच राहतं.

पन्हाळ्याचा_पावणा

आयला. म्हणजे एक्सक्यूज केलं म्हणजे शून्यच दिलं की हो! मग चिठ्ठी कशाला दिली मी?

अनामिका_७

जास्तीचे 18 पॉइंट आणता येत नसतील तर ए कशाला हवाय? नियम पहिल्या दिवशी हातात होता. 12 क्विझ, 120 पॉइंट. मोजले असते तर ऑक्टोबरातच कळलं असतं.

मृद्गंध

अनामिका, मोजायला हवं होतं हे खरं, पण इथे चूक विद्यार्थ्याची कमी आणि दोन पद्धतींची सरमिसळ जास्त आहे. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि गेली बरीच वर्षं पॉइंटांचीच पद्धत वापरते. त्यामुळे हा खड्डा मी स्वतः खणलेला आहे आणि त्यात पडलेलीही आहे.

टक्क्यांच्या कोर्समध्ये 'एक्सक्यूज' या शब्दाला अर्थ असतो: ती गोष्ट तुझ्या हिशोबात धरली जाणार नाही. छेद लहान होतो, टक्का तसाच राहतो. पॉइंटांच्या कोर्समध्ये छेदच नाही. तिथे मी एखादी क्विझ 'धरली नाही' तर त्या मुलाला ते 10 पॉइंट कमवायची जागाच उरत नाही, आणि उंबरठा मात्र होता तिथेच राहतो. म्हणून पावणे म्हणतात ते खरं आहे. फक्त `EX` टाकून थांबलं तर ते सौम्य अक्षरांत लिहिलेलं शून्यच. तुमच्या सरांना हे लक्षात आलं नसण्याची शक्यताच जास्त. बहुतेकांना येत नाही, कारण `EX` टाकताना पडद्यावर मुलाचा टक्का हलत नाही, मग सगळं ठीकच वाटतं.

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सगळ्यांनी सगळं दिलं आणि एकूण 1000 च राहिले, तर 900 आणि 90 टक्के यांत काडीचाही फरक नाही. एकूण बदलला की दोघांची वाट वेगळी होते.

माझीच गोष्ट सांगते. एका हिवाळ्यात बर्फामुळे कॉलेज बंद राहिलं, 25 पॉइंटांची एक लॅब गेली ती गेलीच. एकूण झाले 975. मी उंबरठा तसाच 900 ठेवला असता तर मुलांना 92.3 टक्के आणावे लागले असते, आणि चूक कुणाची, तर आभाळाची. दोन पर्याय होते. एक, उंबरठा खाली आणून 877.5 करायचा. तो आकडा बघूनच माझं मन उडालं. दुसरा, सगळ्यांना 25 वाटून टाकायचे. मी वाटले. लगेच एक मुलगी आली: जो मुलगा लॅबला कधी येतच नाही त्यालाही 25 का? तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. वाटल्यावर ए साठी 975 पैकी 875 च लागत होते, म्हणजे 90 टक्क्यांपेक्षा जरा कमीच. मी सगळ्यांवरच थोडी मेहेरबानी केली होती. पण तक्रारी करणारी एकच आली. उंबरठा वर राहिला असता तर अख्खा वर्ग आला असता.

स्वरा_न्यूजर्सी

माझ्या मुलीच्या हायस्कूलमध्ये पण असंच काहीतरी आहे, पण तिच्या पोर्टलवर होमवर्क 20 टक्के, टेस्ट 60 टक्के असं दिसतं. तिला होमवर्कमध्ये 1 मार्क गेला तरी ती रडते आणि टेस्टमध्ये 4 गेले तर म्हणते चालतंय. मला वाटायचं उलटं असायला हवं. म्हणजे ती पण पॉइंटवालीच पद्धत का?

मृद्गंध

नाही स्वराताई, ती वजनांची पद्धत. तिथे मार्काची किंमत डब्यागणिक बदलते. समजा वर्षभराचं होमवर्क मिळून 80 मार्कांचं आहे आणि त्याला 20 टक्के वजन आहे, तर एक मार्क म्हणजे पाव टक्का. टेस्ट मिळून 600 मार्कांच्या आणि वजन 60 टक्के, तर एक मार्क म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. तसं असेल तर लेकीचं रडणं अगदीच बिनहिशोबी नाही. मी पॉइंटांकडे वळले ते याचसाठी. कुठूनही आलेला पॉइंट एकसारखा, मुलगा स्वतः बेरीज करू शकतो, दर आठवड्याला माझ्या दारात 'मॅम, माझी ग्रेड काय' म्हणून उभा राहत नाही.

टीए_आहे_बरं_का

पावणेसाहेबांनी हेही एकदा बघून घ्या. ग्रेडच्या पानावर उजव्या बाजूला `Assignments are weighted by group` असा तक्ता दिसत असेल तर तुमचा कोर्स कॅनव्हासमध्ये वजनांवर लावलाय, मग पडद्यावरचा टक्का आणि सिलॅबसचे पॉइंट यांचा संबंधच संपला. एका प्राध्यापकांनी जुना कोर्स कॉपी करताना हे तसंच राहू दिलं होतं, सेमिस्टर अर्धं संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

पन्हाळ्याचा_पावणा

बघितलं. तसा तक्ता नाही. म्हणजे निव्वळ पॉइंटच.

देशपांडे_काका

मृद्गंधबाई, पटलं. शेर-किलोचा दाखला मागे घेतो. तुम्ही छेद म्हणालात आणि मला एकदम दहावीचं बेस्ट ऑफ फाइव्ह आठवलं. सहा विषयांचे 600, पण टक्के काढताना सर्वांत कमी मार्कांचा विषय सोडून 500 वर काढतात. तिथेही पोराच्या मार्कांत एकाचीही वाढ होत नाही, छेद बदलतो आणि टक्का फुगतो. बोर्डाने जर म्हटलं असतं की 450 मार्क म्हणजे डिस्टिंक्शन आणि कितीही विषय धरा, तर सगळं गणितच वेगळं झालं असतं.

पण मला एक खटकतं. आमच्याकडे थिअरी वेगळी पास व्हावी लागते, इंटर्नल वेगळं. एकात गचकलात की दुसऱ्यातले मार्क उपयोगाचे नाहीत. या पॉइंटवाल्या कोर्सात तसं काही नाही म्हणजे पोरगं फायनलला गेलंच नाही तरी पास?

मृद्गंध

हो काका, निव्वळ बेरजेच्या कोर्सात अगदी पास. पावण्यांचंच उदाहरण घ्या. आज त्यांच्याकडे 661 आहेत. फायनलला 39 आणले तरी 700 होऊन सी मिळतो. ज्याच्याकडे आधीच 700 आहेत तो त्या दिवशी झोपून राहिला तरी चालेल. दरवर्षी माझ्या वर्गातले दोघे-तिघे तसं करतात. हव्या त्या ग्रेडचे पॉइंट झाले की फायनलला येतात, नाव लिहितात, वीस मिनिटांत पेपर देऊन घरी. पूर्वी मला राग यायचा. आता मी सिलॅबसमध्ये एक ओळ टाकते की फायनलला किमान निम्मे पॉइंट मिळाले नाहीत तर सी च्या वर ग्रेड नाही. तुमच्याकडच्या वेगळ्या पासिंगचीच ती धाकटी बहीण. पण ती ओळ टाकली की पद्धत निव्वळ बेरजेची राहत नाही हेही खरं.

अनामिका_७

मी त्यातलीच होते. फायनलच्या आधी 812 होते, बी पुरत होता, आणि ए पर्यंत जायला जो अभ्यास लागला असता तो मी दुसऱ्या कोर्सला दिला. याला आळस म्हणू नका, हिशोब म्हणा.

पवईकर

आमच्या वेळी आयआयटीत रिलेटिव्ह ग्रेडिंग. कटऑफ परीक्षेनंतर ठरायचे, सगळ्यांचे मार्क मांडून कुठे फट दिसते ते बघून. 62 ला एए पण मिळायचा आणि 78 ला बीबी पण. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी 900 सांगणं बरंच. शेजारच्याला नोट्स दिल्या म्हणून माझा ए जात नाही. पण पेपर भलताच अवघड निघाला तर काय? रिलेटिव्हमध्ये ते आपोआप सावरलं जातं.

मृद्गंध

तिथे आमची पंचाईतच होते. उपाय एकच, हातानं पॉइंट घालायचे किंवा उंबरठा खाली आणायचा. खाली आणता येतो, वर कधीच नाही. सोपा पेपर काढला आणि सगळे 900 च्या पुढे गेले तर सगळ्यांना ए, तोंडातून ब्र काढायचा नाही. सिलॅबस म्हणजे दिलेला शब्द आहे.

आणि उंबरठ्याशी ताटकळणारे कुठल्याही पद्धतीत असतातच. एका मुलाचे 897 झाले, मेल आला, फक्त 3 पॉइंट. मग पुढच्या सेमिस्टरला मी शहाणपणा केला, सिलॅबसमध्येच 895 छापलं. डिसेंबरात मेल आला, मॅम, माझे 893 आहेत.

असो. पावणे, आता तुमच्या कामाचं. सरांना मेल लिहा, पण 'मला ए द्या' असं नको आणि 'कॅनव्हास 90 दाखवतोय' असंही नको. एवढंच विचारा की दोन क्विझ एक्सक्यूज झाल्यानं माझ्या हिशोबात 980 च पॉइंट उपलब्ध आहेत, उंबरठा 900 आहे, तर हे 20 पॉइंट कसे धरायचे? बहुतेक ते तीनपैकी एक करतील.

तुमच्या बाकीच्या क्विझची सरासरी 9.1, तेवढी दोन्हीला धरली तर 18.2 मिळतील आणि फायनलला 221 लागतील. किंवा तुमच्यापुरता उंबरठा 980 च्या नव्वद टक्क्यांवर, म्हणजे 882 वर आणतील, तरीही 221 च. किंवा ते 20 पॉइंट फायनलवर ढकलतील, म्हणजे फायनल तुमच्यासाठी 270 ची. मग 270 पैकी 239, सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी टक्के. पहिल्या दोन्हींत 221 म्हणजे 88.4. तुमच्यासाठी तिन्ही जवळपास सारखेच.

ते सारखे आलेत ते तुमची क्विझची सरासरी नव्वदच्या आसपास आहे म्हणून. सरासरी 6 असलेल्या मुलाला पहिल्या मार्गानं 12 च मिळतील, दुसऱ्यानं उंबरठा 18 नं उतरेल. कुठला मार्ग न्याय्य, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही एकमत नाही. मी सरासरी धरते. शेजारच्या केबिनमधले सहकारी फायनलवर ढकलतात, म्हणतात न दिलेल्या परीक्षेचे मार्क मी का द्यावेत.

अजून एक. सिलॅबसमध्ये 'बोनस' किंवा 'कमीत कमी मार्कांची क्विझ सोडली जाईल' असं काही आहे का ते वाचा. काही जण मुद्दाम 1050 पॉइंट ठेवतात आणि 900 लाच ए देतात. वरचे 50 म्हणजेच आजारपण, लग्नकार्य, गाडी बंद पडणं. तसं असेल तर सर म्हणतील, सवलत आधीच दिली आहे, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.

पन्हाळ्याचा_पावणा

ताई, लई उपकार. सिलॅबस तीनदा वाचला, बोनस नाही, सोडायची क्विझ नाही. तुम्ही सांगितल्यागत चार ओळींचा मेल टाकलाय.

टीए_आहे_बरं_का

एक शंका मृद्गंधताई. सरासरी धरायची तर फक्त क्विझची का? पूर्ण कोर्सची का नाही? त्यांची एकूण सरासरी 90.55 आहे, क्विझची 91. इथे फरक नाही, पण आमच्याकडे एक मुलगी क्विझमध्ये कायम 5 आणि मिडटर्ममध्ये 140 असली होती.

मृद्गंध

मी क्विझची धरते कारण बुडाली ती क्विझ होती. पण ज्याची एकच क्विझ झाली आहे आणि तो आजारी पडला, त्याच्यासाठी हे फारच तकलादू आहे हे कबूल. तिथे मी तोंडी विचारून मोकळी होते. ठरलेला नियम नाही.

देशपांडे_काका

म्हणजे 1000 चा आकडा पक्का, बाकी सगळं मास्तरच्या मर्जीवर. आमच्याकडचं ग्रेस आठवलं!

पन्हाळ्याचा_पावणा

उत्तर आलं. सरांनी लिहिलंय की हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. फायनलमध्ये माझ्यासाठी 20 पॉइंट वाढवणार, म्हणजे तिसरा मार्ग. 270 पैकी 239. शिवाय म्हणालेत, हवं असेल तर त्याऐवजी ऑफिस अवर्समध्ये येऊन दोन्ही क्विझ तोंडी दे. मी क्विझ घेतो म्हणालो. तेवढेच 20 फायनलच्या आधी हातात पडतील, आणि तिथं 18 मिळाले तर फायनलला 221 पुरतील. गुरुवारी दुपारी 2 ला बोलावलंय.

अनामिका, तुमचं पण खरं होतं. आता दाराला कागद चिकटवलाय, त्यावर फक्त बेरीज, टक्का नाही.

आणि आमच्याच वर्गातल्या एका तेलुगू पोराच्या तीन क्विझ `EX` आहेत. त्यानं सिलॅबस अजून उघडलेला नाही, कॅनव्हासवर 91 बघून खूश आहे. आत्ता त्याच्या खोलीकडंच निघालोय.

विदर्भाचा_पोट्टा

बहिणीच्या क्रेडिटचं कोणीच सांगितलं नाही अजून.